धागा: एकाच अपघाताच्या परस्परविरोधी साक्षी एका अहवालात कशा मांडायच्या?

कोथरूडकर_मीनल

आमच्या सोसायटीच्या गेटसमोर गेल्या महिन्यात संध्याकाळी अपघात झाला. आमचे एक ज्येष्ठ सभासद गेटमधून बाहेर पडत असताना त्यांना दुचाकीची धडक बसली आणि मनगटाचं हाड मोडलं. पोलिसांत तक्रार झालेली नाही, दोन्ही पक्षांनी नको म्हटलं. पण पुढच्या सर्वसाधारण सभेत गेटचं काय करायचं, औषधपाण्याच्या खर्चाला सोसायटीने हातभार लावायचा का, हे ठरायचं आहे. त्यासाठी कमिटीने मला अहवाल लिहायला सांगितलाय.

गल्ली अशी: गेटमधून बाहेर आलं की उजव्या हाताला मेन रोड, डाव्या हाताला देऊळ. मेन रोडकडून येणारी गाडी आमच्या भिंतीच्या बाजूने येते, ती बरोबर. देवळाकडून भिंतीला लागून कोणी आलं तर ते उलट्या बाजूने.

वॉचमन आणि जखमी आजोबा म्हणतात, गाडी देवळाकडून उलटी आली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि दुचाकीवाला म्हणतात, मेन रोडकडून सरळ आली. समोरचे इस्त्रीवाले वेगळंच काही सांगतात. शिवाय गेटचा दिवा चालू होता की बंद, यावरही एकमत नाही.

कोण खरं बोलतंय हे ठरवायचं काम माझं नाही, तसं कमिटीने स्पष्ट सांगितलंय. मला पाचही जणांचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवायचंय, आणि वाचणाऱ्याला माझा कल कुठे आहे याचा वाससुद्धा येता कामा नये. कमिटीतल्या एकांनी नमुना म्हणून हा परिच्छेद पाठवलाय:

"वॉचमनने अपघात पाहिल्याचे कबूल केले. त्याच्या म्हणण्यानुसार दुचाकी उलट्या बाजूने आली. मात्र दुसऱ्या मजल्यावरील बाईंनी ती मेन रोडकडून येताना स्पष्टपणे पाहिली. दुचाकीवाल्या मुलानेही तसाच दावा केला."

मला हा खटकतो आहे, पण नेमकं काय बदलायचं ते सांगा.

नदीपलीकडचा

सगळ्यांना सारख्या ओळी द्या. प्रत्येकी पाच ओळी, कोणाला जास्त नाही की कमी नाही. प्रश्न मिटला.

सदाशिवपेठी_आनंद

आमच्याकडेही असंच झालं होतं. पार्किंगमध्ये माझ्या गाडीला कोणीतरी ओरखडा काढला, चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या आणि भरपाई शेवटी मिळालीच नाही. तुम्ही आधी त्या दुचाकीचा इन्शुरन्स आहे का ते बघा. थर्ड पार्टी असेल तर सरळ क्लेम करा, अहवाल लिहीत कशाला बसता?

कोथरूडकर_मीनल

आनंद, क्लेमचा विषय त्या दोघांचा आहे आणि त्यांनी तो आपसात ठेवलाय. मला फक्त सभेपुढे मांडायचा अहवाल लिहायचाय.

जुना_बातमीदार

पुण्यात बरीच वर्षं शहर पानावर काम केलंय, त्यातलं थोडं सांगतो. तुमच्या नमुन्यातल्या चार वाक्यांत निकाल लागून गेलेला आहे. तो कुठे लागला ते बघू.

"कबूल केले" हे क्रियापद ज्याने काही लपवलं होतं त्याच्यासाठी असतं. वॉचमनने काय लपवलं? "दावा केला" म्हटलं की वाचणारा शंका घ्यायला बसतो. उलट काकूंनी "स्पष्टपणे पाहिली" असं लिहिलं की पाहणं ही घडलेली गोष्ट झाली, आणि ती अहवाल लिहिणाऱ्याच्या तोंडून आली. तिघांसाठी तीन क्रियापदं आणि तिघांना तीन वेगवेगळ्या किमती. सगळ्यांना एकच लावा: सांगितले. वाचायला कंटाळवाणं होईल, होऊ द्या. बातमीत आम्ही क्रियापदं बदलत राहतो ते रंगत यावी म्हणून, तुम्हाला अहवालात रंगत नकोच आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती मराठीत लिहिणाऱ्यालाच सांभाळावी लागते. वॉचमन "त्याने", काकू "बाईंनी", दुचाकीवाला "मुलाने". अहो, त्या मुलाचं वय काय? तीस असेल तर तो मुलगा कसा? आदरार्थी बहुवचन एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, की कोणाचा शब्द जड ते वाचणाऱ्याला कळतं आणि आपण सांगितलं हेही लक्षात येत नाही. पाचही जणांना "त्यांनी" लावा. सुरक्षारक्षक, दुचाकीस्वार, इस्त्री व्यावसायिक, जखमी सभासद, दुसऱ्या मजल्यावरील रहिवासी.

तिसरी गोष्ट "मात्र". "मात्र"च्या पुढे जे येतं ते आधीच्याला खोडतं. "मुलानेही"मधला "ही" दोन साक्षी एकमेकींना बांधतो आणि एक गट तयार करतो. जोडणारे शब्द काढून टाका. प्रत्येकाचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहू द्या.

@नदीपलीकडचा, सारख्या ओळींची कल्पना अर्धी बरोबर आहे. इस्त्रीवाल्यांनी फक्त आवाज ऐकला असेल तर त्यांना पाच ओळी देण्यासाठी तुम्ही काय भरणार? आणि काकूंनी दहा ओळींचं पाहिलं असेल तर कुठल्या पाच कापणार? कापताना निवड करावी लागते आणि निवडीत कल शिरतो. सारखेपणा प्रश्नांत ठेवा. पाचही जणांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत.

नदीपलीकडचा

ओळींचं पटलं. पण मग सरळ तक्ता करा. आडवे प्रश्न, उभी माणसं, एका पानात काम होतं.

गौरी_पाषाण

तक्त्यात एक अडचण येते. मी एका संस्थेत तक्रार निवारण समितीवर आहे, तिथे आम्ही तक्ते करायचो. रिकामा चौकोन दिसला की लोक समजतात, या माणसाकडे उत्तर नाही. पण रिकामा चौकोन तीन कारणांनी राहतो. त्याने पाहिलंच नसतं, किंवा पाहिलं पण आठवत नसतं, किंवा आपण विचारलेलंच नसतं. तिसऱ्या कारणाचा दोष लिहिणाऱ्याचा, आणि शिक्षा साक्षीदाराला. म्हणून आम्ही एकही चौकोन रिकामा ठेवत नाही. "पाहिले नाही", "आठवत नाही", "विचारले नाही" यांपैकी काहीतरी लिहायचंच. "विचारले नाही" फार वेळा आलं तर पुन्हा जाऊन विचारायचं.

जुना_बातमीदार

गौरीताईंचं बरोबर आहे. त्यात एवढंच घालतो की तक्त्यात शब्द आक्रसतात. "देवळाकडून" एवढंच चौकोनात मावतं, आणि साक्षीदार म्हणालेला असतो "देवळाकडूनच आली असणार". या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे बघा. "असणार" म्हणजे अंदाज. म्हणून मी प्रश्न घेऊन त्याखाली प्रत्येकाचे स्वतःचे शब्द अवतरणात टाकतो.

कोथरूडकर_मीनल

दिशेच्या प्रश्नावर माझ्या वहीत असं आहे. साक्षी मी एकेकाला वेगवेगळं भेटून घेतल्यात.

सुरक्षारक्षक: "देवळाकडून आली, आपल्या भिंतीला लागून."
दुसऱ्या मजल्यावरील रहिवासी: "मेन रोडकडून वळली आणि सरळ आली."
जखमी सभासद: "मी उजवीकडे, मेन रोडकडे बघत होतो. गाडी डावीकडून अंगावर आली."
दुचाकीस्वार: "मी मेन रोडवरून आत वळलो. काका उभ्या गाडीच्या मागून एकदम पुढे आले."
इस्त्री व्यावसायिक: "सगळे म्हणतात देवळाकडून आली. मी ब्रेकच्या आवाजाने मान वर केली, तेव्हा गाडी आडवी पडली होती."

कमिटीतले लोक म्हणताहेत, तीन विरुद्ध दोन आहे, तेवढं तरी लिहा.

वकील_शिवाजीनगर

तीन विरुद्ध दोन अजिबात लिहू नका. कोर्टातसुद्धा साक्षीदारांची डोकी मोजत नाहीत. अमुक एक गोष्ट सिद्ध करायला अमुक इतके साक्षीदार हवेत असं कायद्यात नाही, पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम १३४ तेच सांगायचं. आणि तुमच्या तिघांतले इस्त्रीवाले दिशेचे साक्षीदारच नाहीत. त्यांनी दिशा ऐकली, पाहिली नाही. त्यांचं वाक्य पूर्ण द्या, पण पहिला भाग "इतरांकडून ऐकलेले" आणि दुसरा भाग "स्वतः पाहिलेले" असा वेगळा करा. तशी विभागणी पाचही जणांच्या साक्षीत करा, एकट्या त्यांच्या नको.

सह्यांबद्दल एक. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. पूर्वी ते सीआरपीसीच्या कलम १६२ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १८१ मध्ये आहे. ते पाहून लोकांना वाटतं, आपणही सही घ्यायची नाही. तुम्ही पोलीस नाही. तुम्ही प्रत्येकाला त्याचं म्हणणं वाचून दाखवा, दुरुस्ती सुचवली तर करा आणि सही घ्या. वॉचमन मराठी वाचत नसतील तर त्यांच्या भाषेत वाचून दाखवल्याची नोंद करा.

हडपसरची_प्राजक्ता

सीसीटीव्ही नाही का? एवढी चर्चा कशाला, फुटेज बघा आणि विषय संपवा.

कोथरूडकर_मीनल

कॅमेरा आहे, पण तो गेटच्या आतली बाजू पाहतो. त्यात आजोबा बाहेर पडताना दिसतात, दुचाकी दिसत नाही. शिवाय कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलच्या वेळेपेक्षा बरंच पुढे आहे.

जुना_बातमीदार

मग तेवढंच लिहा. कॅमेऱ्यात काय दिसतं, काय दिसत नाही आणि घड्याळ किती मिनिटं पुढे आहे. हा भाग साक्षींच्या आधी, वेगळ्या मथळ्याखाली. ज्यावर कोणाचा वाद नाही तेही तिथेच: तारीख, जागा, मनगटाचं फ्रॅक्चर, रस्त्याची रुंदी. मोजलेलं आणि सांगितलेलं एकमेकांत मिसळू देऊ नका. मोजलेल्या गोष्टीला उगाच "त्यांच्या मते" लावलं तर तोही पक्षपातच. फुटेजमध्ये आजोबा थांबलेले दिसत असतील तर "थांबलेले दिसतात" असं लिहायला घाबरू नका.

मुठाकाठचा_श्रीरंग

वेगळ्या बाजूने सांगतो. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातल्या जुन्या लोकांच्या पानशेतच्या पुराच्या आठवणी आम्ही काही जण उतरवून घेत होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण पाणी कधी आलं, यावर दोन आज्यांचं इतकं भांडण की एकीसमोर दुसरीचं नाव काढायची सोय नाही.

शेवटी आमच्यातल्या एकीने दोघींना वेगवेगळं विचारलं, "पाणी आलं म्हणजे नेमकं कुठे आलं तेव्हाचं सांगताय?" एक आजी घाटाच्या पायऱ्यांवर पाणी चढलं ती वेळ सांगत होती, दुसरी चौकात पाणी शिरलं ती. दोघींचं भांडण ज्या गोष्टीवर होतं ती एक नव्हतीच. आम्ही प्रश्नाचे दोन प्रश्न केले आणि दोघींची उत्तरं शेजारी ठेवली, कोणाची वेळ खोडावी लागली नाही.

पण सगळंच असं सुटलं नाही. लाउडस्पीकरवरून इशारा दिला गेला की नाही, यावर त्या दोघी आजही ठाम आहेत आणि तिथे आम्ही दोन्ही तशीच ठेवली. तुमच्या दिव्याचं मला तसंच काहीसं वाटतंय. कुठला दिवा, ते विचारलंत का?

कोथरूडकर_मीनल

श्रीरंग, आज संध्याकाळी पुन्हा दोघांकडे जाऊन आले. सुरक्षारक्षक म्हणतात, "गेटच्या खांबावरचा सोसायटीचा दिवा बंद होता." काकू म्हणतात, "रस्त्यावरचा महापालिकेचा दिवा चालू होता, त्याच्याच उजेडात मी बघितलं." सोसायटीच्या दिव्याचं काकूंना माहीत नाही आणि महापालिकेच्या दिव्याबद्दल सुरक्षारक्षकांना आता आठवत नाही. म्हणजे हा वाद राहिलाच नाही. अहवालात दिव्याचे दोन वेगळे प्रश्न करते आणि गौरीताईंनी सांगितल्याप्रमाणे "माहीत नाही", "आठवत नाही" असं लिहिते.

दिशेचा वाद मात्र तसाच आहे, तिथे दोघं एकाच क्षणाबद्दल बोलताहेत.

मुठाकाठचा_श्रीरंग

तो तसाच राहू दे. राहिलेला वाद हीच तिथली माहिती आहे.

गौरी_पाषाण

मीनल, तू प्रश्न कसे विचारलेस? "गाडी उलट्या बाजूने आली का?" असं विचारलं असेल तर उत्तर आधीच प्रश्नात ठेवलं गेलं.

१९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर या दोघांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारताना "एकमेकींवर आदळल्या" अशा अर्थाचा जोरकस शब्द वापरला, काहींना नुसतं "धडकल्या" असा साधा. जोरकस शब्द ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? जोरकस शब्द ऐकलेल्या ५० जणांतले १६ हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० मधले ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

म्हणून अहवालाच्या शेवटी तुझे प्रश्न जसेच्या तसे जोड, आणि प्रत्येकाची साक्ष कोणत्या तारखेला घेतली तेही लिही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी बोललेला आणि तीन आठवडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा वाचून मग बोललेला, यांच्या साक्षी एकाच ताजेपणाच्या नसतात. ते तू बोलून दाखवायचं नाहीस, तारीख बोलेल.

कोथरूडकर_मीनल

पहिला प्रश्न सगळ्यांना "काय पाहिलंत ते पहिल्यापासून सांगा" असाच होता. मग "गाडी कुठून आली?" तारखा आहेत, त्या टाकते.

आता अडलेली जागा सांगते. काकूंच्या गॅलरीसमोर गुलमोहर आहे, त्याच्या फांद्या गल्लीच्या मेन रोडकडच्या भागावर येतात. हे लिहिलं की काकूंची साक्ष आपोआप पडते. नाही लिहिलं तर मी काहीतरी लपवलं असं होतं.

हडपसरची_प्राजक्ता

लिहा ना! फांद्या आहेत तर आहेत.

वकील_शिवाजीनगर

लिहा, पण एकट्या काकूंचं नको. सुरक्षारक्षकांच्या केबिनमधून काय दिसतं? आजोबा ज्या जागी होते तिथून उभ्या गाडीमुळे काय झाकलं जात होतं? एकाच्या नजरेतला अडथळा लिहायचा आणि इतरांचा नाही, म्हणजे तो एकटा फितूर ठरला.

जुना_बातमीदार

कसं करायचं ते सांगतो. अपघात ज्या वेळेला झाला त्याच वेळेला, म्हणजे उजेड तसाच असताना, पाचही जागी जा. केबिनमधल्या खुर्चीवर बसून, काकूंच्या गॅलरीत उभं राहून, इस्त्रीच्या टेबलामागून, आजोबांच्या जागेवरून आणि दुचाकीवरच्या उंचीवरून. प्रत्येक ठिकाणी डोळ्याच्या उंचीवर मोबाइल धरून गल्लीच्या दोन्ही टोकांकडे एकेक फोटो काढा. झूम करू नका, फ्लॅश नको. दहा फोटो अहवालाला जोडा, खाली फक्त जागा, दिशा आणि वेळ लिहा. "यावरून असे दिसते की" हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. फांद्या फोटोत दिसतीलच, आणि केबिनच्या खिडकीला गेटचा खांब आडवा येत असेल तर तोही दिसेल.

फोटोबरोबर एवढं नक्की लिहा की ते अपघातानंतर किती दिवसांनी काढले. तेव्हा झाडाची छाटणी झालेली नव्हती ना, उभी गाडी आता तिथे आहे का, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

नदीपलीकडचा

आणि क्रम? पहिलं कोणाचं येणार? लोक पहिलं वाचतात आणि शेवटचं लक्षात ठेवतात.

जुना_बातमीदार

क्रमाला पूर्ण निर्दोष उत्तर नाही. अपघाताच्या जागेपासून जवळचा आधी, लांबचा नंतर, असा एखादा नियम ठरवा आणि तो अहवालात वर लिहून टाका. मग सगळ्या प्रश्नांना तोच क्रम. मधेच बदललात तर लोक कारण शोधतात. काही जण दर प्रश्नाला क्रम फिरवतात. मला ते आवडत नाही, वाचणारा गोंधळतो, पण त्यामागचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही.

गौरी_पाषाण

मी फिरवते. आमच्या समितीत पहिल्या जागेवरून दोनदा भांडणं झाल्यावर फिरवायला लागलो आणि तक्रारी थांबल्या. पाचच माणसं आहेत, वाचणारा गोंधळत नाही.

सदाशिवपेठी_आनंद

मघाशी मी विषय सोडून बोललो, आता मुद्द्याचं विचारतो. वॉचमन सोसायटीचे पगारी आहेत. आजोबा जखमी आहेत, खर्च त्यांनाच मिळणार. काकूंचं आणि आजोबांचं पार्किंगवरून वाजलेलं असू शकतं, दर सोसायटीत असतं. हे लिहायचं की नाही? माझ्या ओरखड्याच्या वेळी हेच लिहिलेलं नव्हतं आणि नंतर सगळ्यांनी त्यावरच वाद घातला.

वकील_शिवाजीनगर

लिहायला हवं. पाचही जणांना एकच प्रश्न विचारा: "या घटनेतल्या कोणाशी तुमचं नातं, नोकरी, व्यवहार किंवा जुना वाद आहे का?" जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत. इस्त्रीवाल्यांचं गिऱ्हाईक सोसायटीतलंच आहे, तेही त्यात येऊ द्या.

गौरी_पाषाण

मी इथे वेगळ्या मताची आहे. सोसायटीच्या सभेत जुन्या वादाची नोंद छापील स्वरूपात फिरणार. काकूंनी प्रामाणिकपणे "हो, वाद होता" म्हटलं तर त्यांचीच साक्ष मार खाणार, आणि जो "नाही" म्हणून मोकळा झाला तो सुटणार. नोकरी आणि आर्थिक व्यवहार लिही, ते तपासता येतात. जुने वाद नको.

वकील_शिवाजीनगर

मग वाचणाऱ्यांपैकी ज्यांना वाद माहीत आहे ते सभेत उठून बोलणार, आणि अहवालात लपवलं म्हणणार.

मुठाकाठचा_श्रीरंग

दोन्ही धोके खरे आहेत. मी असतो तर गौरीताईंप्रमाणे केलं असतं, पण छातीठोक सांगणार नाही.

कोथरूडकर_मीनल

नोकरी आणि व्यवहार लिहिते. जुन्या वादांचं कमिटीला विचारून ठरवते, आणि जे ठरेल ते पाचही जणांना सारखं लागू. फोटो उद्या काढते, काकूंनी गॅलरीत यायला परवानगी दिली आहे. क्रम गौरीताईंसारखा फिरवणार आहे.

नमुन्यातला परिच्छेद आता असा झालाय:

"दुचाकी कोणत्या दिशेने आली? सुरक्षारक्षकांनी सांगितले: 'देवळाकडून आली, आपल्या भिंतीला लागून.' दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशांनी सांगितले: 'मेन रोडकडून वळली आणि सरळ आली.' दुचाकीस्वारांनी सांगितले: 'मी मेन रोडवरून आत वळलो.' जखमी सभासदांनी सांगितले: 'गाडी डावीकडून अंगावर आली.' इस्त्री व्यावसायिकांनी दिशा स्वतः पाहिलेली नाही. 'देवळाकडून आली' असे इतरांकडून ऐकल्याचे त्यांनी सांगितले."

जुना_बातमीदार

दोन दुरुस्त्या. आजोबांचं "मी उजवीकडे, मेन रोडकडे बघत होतो" आणि दुचाकीस्वारांचं "काका उभ्या गाडीच्या मागून एकदम पुढे आले" ही दोन्ही वाक्यं गळली आहेत. आजोबांचं याच प्रश्नाखाली परत घाला, कारण ते कुठे बघत होते त्याचा दिशेशी संबंध आहे. दुचाकीस्वारांचं "आजोबा कुठे होते?" या वेगळ्या प्रश्नाखाली जाईल, आणि मग तो प्रश्नही पाचही जणांना विचारावा लागेल.

कोथरूडकर_मीनल

विचारते. इस्त्रीवाले दुपारी असतात, बाकीच्यांना संध्याकाळी गाठते.

हडपसरची_प्राजक्ता

एक शंका. सभेत हे वाचून कोण दाखवणार? सेक्रेटरींनी आवाज चढवून वाचलं की तुमची सगळी मेहनत तिथेच संपली.

वकील_शिवाजीनगर

वाचून दाखवूच नका. नोटिशीबरोबर प्रती आधी वाटा आणि सभेत फक्त प्रश्न घ्या. सुरक्षारक्षक आणि इस्त्रीवाले सभासद नाहीत, त्यांना प्रत आपणहून पोचणार नाही. त्या दोघांना आणि दुचाकीस्वारांना अहवाल वाटायच्या आधी नेऊन द्या.